भिंतीपर्यंत भाव आल्यावर

मार्केट डेप्थच्या खिडकीत दहा ओळी असतात. डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे पाच. प्रत्येक भावापुढं दोन आकडे: तिथं किती ऑर्डरी उभ्या आहेत आणि त्या सगळ्या मिळून किती शेअर होतात. खाली दोन्ही बाजूंची एकूण बेरीज. एवढाच ऐवज. बेळगावात, टिळकवाडीतल्या एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात डीलर म्हणून बसायला लागले तेव्हापासून बघत आले आहे, की या दहा ओळींवर लोकांचा जेवढा विश्वास असतो तेवढा कंपनीच्या ताळेबंदावरही नसतो. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ताळेबंद मागच्या तिमाहीचा, डेप्थ मात्र या घडीची. समोर प्रत्यक्ष माणसं उभी आहेत, पैसे घेऊन किंवा शेअर घेऊन, असं वाटतं.

उद्यमबागेत फाउंड्री असलेले एक काका दुपारच्या आधी ऑफिसात यायचे, खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनशेजारी बसायचे आणि उजवीकडच्या पाच ओळींवर बोट ठेवून म्हणायचे, "ताई, वर भिंत उभारलीय बघा. एक लाखाची. आता हे काय वर जात नाही. विकून टाका माझे." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, मराठीत, कन्नडात आणि दोन्हीची सरमिसळ करून, की त्याचा नीट विचार करणं मला गरजेचं वाटत आलं आहे. ती भिंत खरी आहे का? खरी असली तर ती भावाला किती वेळ अडवेल? आणि खोटी असली तर ते आपल्याला कळणार कशावरून?

काकांना दिसायची तशी एक भिंत इथं आकड्यांसकट मांडते. शेअर एका मोठ्या बँकेचा, रोजची उलाढाल साधारण एक कोटी शेअरची, भाव 820 रुपयांच्या आसपास. या भावपट्ट्यात शेअरचा भाव पाच-पाच पैशांच्या पायऱ्यांनी हलतो. वेळ सकाळी 11 वाजून 40 मिनिटं. घेणाऱ्यांच्या बाजूला 820.00 ला 3,150 शेअर, 819.95 ला 4,800, 819.90 ला 5,600. विकणाऱ्यांच्या बाजूला 820.05 ला 2,640, 820.10 ला 3,900, 820.15 ला 5,200, आणि मग 820.20 ला एकदम 1,04,300. त्याच्या वर 820.25 ला पुन्हा 4,100.

आधी ऑर्डरींच्या संख्येचा रकाना बघायचा. बहुतेक लोक तो बघतच नाहीत, आणि माझ्या मते पूर्ण खिडकीत तोच सगळ्यात बोलका रकाना आहे. 820.20 पुढं ऑर्डरी 27. शेजारच्या 820.10 पुढंही ऑर्डरी तेवढ्याच, 27, आणि शेअर 3,900. म्हणजे 820.20 ला सव्वीस ऑर्डरी नेहमीसारख्या, दीडशे-दोनशे शेअरच्या आहेत आणि उरलेला सगळा एक लाखाचा माल बहुधा एकाच ऑर्डरीत आहे. सव्वाआठ कोटींच्या घरातला. हीच भिंत 825.00 सारख्या गोल आकड्याला असती आणि तिच्यापुढं ऑर्डरी साडेतीनशे असत्या, तर मी ती वेगळी वाचली असती. गोल आकड्याला शेकडो लोक आपापली विक्री लावून ठेवतात, कुणी शंभर शेअरची, कुणी हजाराची, आणि दिवसभर विसरूनही जातात. इतक्या लोकांनी ठरवून एकाच सेकंदाला ऑर्डर काढून घेणं जवळपास अशक्य. एकाच हातातली एक लाखाची ऑर्डर मात्र एका क्षणात नाहीशी होऊ शकते.

आता या भिंतीची जाडी. बाजार सव्वानऊला सुरू होऊन साडेतीनला संपतो, म्हणजे 375 मिनिटं. एक कोटी शेअर 375 मिनिटांत विभागले तर मिनिटाला साधारण 27 हजार. त्या हिशोबानं एक लाख शेअरची भिंत म्हणजे चार मिनिटांची सरासरी उलाढाल. सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत तेवढे शेअर मिनिट-दीड मिनिटात हात बदलतात, दुपारी दीडच्या सुमारास कदाचित दहा मिनिटं लागतील. काकांना हा भागाकार करून दाखवला तेव्हा ते बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले. एक लाख हा आकडा डोळ्यांना डोंगराएवढा दिसतो, कारण त्याच्या शेजारी तीन-चार हजारांच्या ओळी आहेत. पण त्या ओळी तरी किती वेळच्या? पाच-दहा सेकंदांच्या. ज्या शेअरमध्ये उलाढाल मोठी असते त्यात डेप्थमध्ये दिसणारा माल दिवसभराच्या मालाच्या मानानं चिमूटभर असतो. बाकीचा माल कुठं असतो? लोकांच्या मनात, फंडांच्या डेस्कवर, तुकडे करून ऑर्डरी सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तो वेळ आली की येतो, आधी दिसत नाही.

आणि इथंच त्या एक लाखाच्या ऑर्डरीबद्दल मला पहिली शंका येते. ज्याला खरोखर लाखभर शेअर चांगल्या भावाला विकायचे आहेत, तो ते सगळ्यांना दाखवेल कशाला? आपल्याकडं घाऊक बाजारात ज्या व्यापाऱ्याला दहा गाड्या बटाटा उचलायचा असतो, तो गेटात शिरल्या शिरल्या दहा गाड्या पाहिजेत म्हणून ओरडत नाही. ओरडला तर भाव त्याच्याच अंगावर येतो. शेअर बाजारातही मोठा विक्रेता आपला माल लपवतो, आणि लपवायची सोय एक्स्चेंजनंच दिलेली आहे. ऑर्डर टाकताना डिस्क्लोज्ड क्वांटिटी भरता येते. एनएसईच्या कॅश बाजारात ती एकूण ऑर्डरीच्या किमान दहा टक्के असावी लागते. म्हणजे 60 हजार शेअर विकायचे असले तर खिडकीत फक्त 6 हजार दाखवता येतात. ते 6 हजार खपले की पुढचे 6 हजार आपोआप समोर येतात. याशिवाय मोठे फंड माल दिवसभरात थोडा थोडा सोडतात, त्यासाठी प्रोग्रॅम लावलेले असतात. एवढ्या सगळ्या सोयी हाताशी असताना कुणी पूर्ण एक लाख शेअर उघड्यावर मांडतो, तर त्यानं ते दिसावेत म्हणूनच मांडले असण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

शक्यताच म्हणते, खात्री नाही. एखाद्या जुन्या भागधारकाला डिस्क्लोज्ड क्वांटिटी हा प्रकारच माहीत नसतो. एखाद्याला आजच्या आज ठराविक भावाला विकायचंच असतं आणि भाव दोन-चार पैसे इकडंतिकडं झाले तरी त्याला फरक पडत नाही. अशी माणसं असतात, त्यांच्या ऑर्डरी मी स्वतः टाकल्या आहेत.

खोटी भिंत चालते कशी, ते त्याच आकड्यांवर पुढं नेऊन सांगते. समजा भिंत लावणाऱ्याला प्रत्यक्षात शेअर घ्यायचे आहेत, आणि 820.00 ऐवजी 819.40 च्या आसपास मिळाले तर बरं असं त्याला वाटतंय. तो वर 820.20 ला एक लाखाची विक्री लावतो. लक्षात घ्या, 820.05 ला लावत नाही. तिथं लावली तर पुढच्या काही सेकंदांत त्याचा माल खरोखर विकला जाईल, आणि त्याला ते नको आहे. एक्स्चेंजचा नियम आधी भाव, मग वेळ असा आहे. ज्याचा भाव चांगला तो आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. त्यामुळं 820.20 वाल्याच्या पुढं 820.05, 820.10 आणि 820.15 चे मिळून 11,740 शेअर उभे आहेत, शिवाय 820.20 लाच त्याच्या आधी आलेले लोक. ते सगळे खपेपर्यंत त्याला हात लागत नाही. साधारण अर्ध्या मिनिटाची उसंत त्याच्याकडं आहे, तीही सगळी खरेदी एकामागून एक झाली तर. म्हणून खोटी भिंत सहसा सगळ्यात चांगल्या भावाला नसते. ती तीन-चार पायऱ्या वर असते, पाच ओळींच्या खिडकीत दिसेल इतकी जवळ आणि खपणार नाही इतकी लांब.

मग काय होतं? ज्यांना आज ना उद्या विकायचंच होतं ते भिंत बघून घाईला येतात. आमचे काका त्यातले. 820.05 ला वाट बघत बसण्याऐवजी ते 820.00 ला घेणाऱ्याला देऊन टाकतात. घेणाऱ्यांपैकी काही जण आपली ऑर्डर खाली सरकवतात, वर एवढा माल आहे तर खाली मिळेलच म्हणून. डावीकडचे आकडे पातळ होतात. भाव 819.75 वर येतो. आणि आता बघायची गोष्ट अशी, की भिंत 820.20 ला राहिलेली नाही. ती 819.90 ला आली आहे. विकणाऱ्यांचा सगळ्यात चांगला भाव 819.75, आणि भिंत पुन्हा चौथ्या पायरीवर. थोड्या वेळानं भाव 819.50 होतो, भिंत 819.65 ला. पुन्हा चौथी पायरी. ज्याला 820.20 ला विकायचं होतं तो आता 55 पैसे कमी घ्यायला तयार आहे, पण दारात उभ्या असलेल्या घेणाऱ्याला द्यायला मात्र तयार नाही. भावाबरोबर ठराविक अंतर राखून सरकणारी भिंत ही मला या सगळ्यातली सर्वांत ठळक खूण वाटते. खऱ्या विक्रेत्याला असं अंतर राखण्याची गरज नसते.

शेवटचा भाग दहा-वीस सेकंदांचा असतो. खाली 819.40 ला मोजक्या ऑर्डरींत 12 हजार शेअरची खरेदी लागलेली आहे आणि ती भराभर भरली जाते आहे. तिचा उरलेला भाग भरला, आणि पुढच्याच क्षणी 819.65 पुढचा आकडा 1,03,600 वरून 3,700 झाला. दिवसाची एकूण उलाढाल तेवढ्या वेळात 38,14,200 वरून 38,23,600 झाली, म्हणजे 9,400 शेअर हलले. भिंत मात्र 99,900 नं घटली. आणि शेवटचा सौदा 819.65 ला झालेलाच नाही. म्हणजे भिंतीतला एकही शेअर विकला गेला नाही, तो काढून घेतला गेला. दोन मिनिटांत भाव परत 820.10.

हा वजाबाकीचा हिशोब कुणालाही करता येतो आणि मला वाटतं डेप्थ वाचण्याचं खरं कौशल्य यातच आहे. भिंतीकडं भाव येतो तेव्हा भिंतीतून किती गेलं आणि त्याच वेळात एकूण उलाढाल किती वाढली, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. वरच्या उदाहरणात भाव भिंतीपर्यंत आलाच नाही म्हणून उत्तर स्वच्छ मिळालं. भाव भिंतीला येऊन भिडला तरी हिशोब तोच. समजा 820.20 चे 1,04,000 घटून 22,000 झाले आणि तेवढ्या वेळात उलाढाल 11,000 नं वाढली. 82,000 गेले, त्यातले फार तर 11,000 विकले गेले असतील. निदान 71,000 काढून घेतले. निदान म्हणते, कारण त्या 11,000 पैकी काही सौदे दुसऱ्या भावालाही झाले असतील, आणि मधल्या वेळात त्या भावाला नवीन ऑर्डरी येऊन बसल्या असतील तर काढून घेतलेला माल त्याहून जास्त. उलट उलाढाल 85,000 नं वाढली असती, तर भिंत खरी होती आणि कुणीतरी ती खाल्ली.

हाच हिशोब उलट्या दिशेनं लावला की लपलेला विक्रेता सापडतो. काकांसारख्या अनुभवी माणसालाही ही बाजू कधी कुणी दाखवलेली नसते. एखाद्या भावापुढं, समजा 824.00 ला, फक्त 6 हजार दिसतात. कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत. भाव तिथं येतो, सौदे होतात, उलाढाल 20 हजारांनी वाढते, 40 हजारांनी वाढते, 70 हजार होते, आणि 824.00 पुढं अजूनही 6 हजारच उभे. भाव पुढं सरकत नाही. इथं डोळ्यांना दिसणारी भिंत नाही, पण प्रत्यक्षात फार जाड भिंत आहे. दहा टक्क्यांचा नियम धरला तर 6 हजार दाखवणाऱ्या एका ऑर्डरीत जास्तीत जास्त 60 हजार असू शकतात. 70 हजार खपूनही भाव अडकलेला आहे म्हणजे एकाहून जास्त ऑर्डरी आहेत, किंवा कुणाचा तरी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा माल आणून ठेवतो आहे. मला जर कुणी विचारलं की एक लाख उघड दाखवणारी ओळ आणि 6 हजारांवर न हलणारी ओळ यांतली कोणती भावाला जास्त अडवते, तर मी दुसरी सांगेन.

निपाणीकडचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा सुट्टीत ऑफिसात येऊन बसायचा. हुशार, आकड्यांचा वेडा. हा हिशोब त्याला चटकन समजला आणि लगेच म्हणाला, "ताई, मग सोपं आहे की. भिंत खोटी आहे असं कळलं की उलटं घ्यायचं." त्याच्याशी त्यावर बरंच बोलले. मर्यादा सगळ्या इथंच सुरू होतात, म्हणून इथं थोडं थांबते.

पहिली मर्यादा पैशांची, आणि ती कागदावर मांडता येते. वरच्या उदाहरणातला सगळा चढउतार 70-80 पैशांचा. त्यातले 50 पैसे त्याच्या हाती लागले असं धरू, म्हणजे फारच चांगलं साधलं. 100 शेअर, 82 हजारांचा सौदा, 50 रुपये मिळाले. त्यातून बहुतेक डिस्काउंट ब्रोकर घेतात ती जाता-येता 20-20 रुपये दलाली. दिवसातल्या दिवसात विकल्यावर एसटीटी हा सरकारी कर 0.025 टक्के, म्हणजे साडेवीस रुपये. एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी मिळून आणखी पंधराएक. एकूण 75 रुपयांच्या आसपास. भिंत अचूक ओळखून 50 मिळवायचे आणि 75 द्यायचे. हजार शेअर घेतले तर दलाली तेवढीच राहते, हिशोब थोडा सुधारतो, पण मग 8 लाखांचा सौदा एका खुणेवर करायचा, आणि खूण चुकली तर भाव दोन रुपये खाली जायला अर्धं मिनिट पुरतं.

दुसरी मर्यादा वेळेची. मोबाईलवर किंवा ब्रोकरच्या टर्मिनलवर डेप्थ अखंड वाहत नाही, ती छायाचित्रांसारखी येते. सेकंदात एखाद-दुसरं चित्र. एक्स्चेंजच्या यंत्रावर त्याच सेकंदात शेकडो ऑर्डरी आलेल्या, बदललेल्या, काढलेल्या असू शकतात. दोन चित्रांच्या मध्ये एखादी भिंत लागून निघूनही गेलेली असते आणि आपल्याला ती दिसतच नाही. खानापूरच्या पुढं जंगलपट्ट्यात राहणारे आमचे एक निवृत्त सुभेदार गिऱ्हाईक फोनवर डेप्थ बघायचे. पावसाळ्यात तिकडं नेटवर्कची काय तऱ्हा असते ते त्या बाजूला राहिलेल्यांना सांगायला नको. त्यांना दिसणारी भिंत कधी कधी मला माझ्या स्क्रीनवर दिसेनाशी होऊन बराच वेळ झालेला असायचा. त्यांना मी फोनवर कळकळीनं सांगायचे, की काका, तुम्ही भाव बघा, उलाढाल बघा, पण डेप्थवर तिथून निर्णय घेऊ नका.

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑर्डर काढून घेतली हे आपल्याला कळतं, का काढून घेतली हे कळत नाही. ऑर्डर रद्द करणं हा गुन्हा नव्हे. त्याच शेअरचा फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, आणि कॅश यांच्या भावातल्या फरकावर धंदा करणारे फ्युचरचा भाव हलला की कॅशमधली ऑर्डर तत्क्षणी हलवतात. ऑप्शनमध्ये दोन्ही बाजूंना भाव देणारे दिवसभर हेच करतात. त्यांची ऑर्डरही भावाबरोबर सरकते, तीही शेवटच्या क्षणी नाहीशी होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. वरच्या उदाहरणात 819.40 ला घेणारा आणि 819.65 ची भिंत लावणारा एकच होता का? खिडकीत नावं नसतात. मी "खोटी भिंत" म्हणते तेव्हा फक्त एवढंच म्हणू शकते, की ती भावाला भिडायला थांबली नाही. तिच्या मागच्या हेतूबद्दल बोलायचा अधिकार मला ती खिडकी देत नाही.

तो अधिकार ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं प्रत्येक ऑर्डरीचा क्लायंट कोड असतो. एका बाजूची मोठी ऑर्डर आणि दुसऱ्या बाजूची छोटी ऑर्डर एकाच खात्यातून आली का, एक भरल्यावर दुसरी किती वेळात निघाली, आणि हे एकदा झालं की पुन्हा पुन्हा, हे त्यांना जुळवून बघता येतं. एप्रिल 2025 मध्ये सेबीनं एका ब्रोकर कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला त्यात नेमकी हीच मांडणी होती: 173 शेअरमध्ये 621 वेळा हा प्रकार झाल्याचं सकृद्दर्शनी दिसतं असं म्हणून 3.22 कोटी रुपये जप्त करायला सांगितले. कायद्याचा आधार 2003 च्या फसव्या आणि अनुचित व्यवहारांविरुद्धच्या नियमांचा. त्याआधी 2021 पासून एक्स्चेंजनीही वारंवार मोठ्या ऑर्डरी लावून काढणाऱ्यांवर नजर ठेवून त्यांचं ट्रेडिंग काही वेळापुरतं बंद करायला सुरुवात केली आहे. परदेशातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण नविंदर सिंग सराओ या लंडनच्या ट्रेडरचं. 6 मे 2010 रोजी अमेरिकी बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला, त्या दिवशी त्याच्या विक्रीच्या ऑर्डरी चालू भावापासून काही पायऱ्या लांब राहून भावाबरोबर सरकत होत्या, आणि तपासयंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणं त्या 19 हजारांहून जास्त वेळा बदलल्या गेल्या. त्याला अटक व्हायला 2015 उजाडलं. ज्यांच्याकडं प्रत्येक ऑर्डरीची नोंद होती त्यांना एवढी वर्षं लागली, आणि त्या दिवसाच्या कोसळण्यात त्याचा वाटा किती यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. आपण पाच ओळी बघून तीन सेकंदांत निकाल देतो.

खालच्या एकूण बेरजेबद्दलही दोन शब्द. एकूण विक्री 12 लाख, एकूण खरेदी 6 लाख, म्हणून शेअर पडणार, हे आमच्याकडं टेलिग्रामवरच्या ग्रुपांत रोज फिरतं. या बेरजेत चालू भावापासून पाच-सात टक्के लांब लावून ठेवलेल्या ऑर्डरीही असतात. कुणीतरी 870 ला विक्री लावून ठेवली आहे, त्याचा 820 च्या पुढच्या मिनिटाशी काय संबंध? शिवाय ठरलेला भाव न आल्यामुळं अजून जाग्या न झालेल्या स्टॉप लॉस ऑर्डरी या बेरजेत नसतात, बीएसईवरच्या ऑर्डरी नसतात, फ्युचरमधली खरेदी-विक्री नसते. मी त्या बेरजेकडं बघणंच सोडून दिलं आहे, आणि इतरांनीही सोडावं असं मला मनापासून वाटतं.

मग डेप्थ वापरायची कशासाठी? मी ती एका कामासाठी रोज वापरते, आणि तिथं ती मला विश्वासानं उत्तर देते. काकांना त्यांच्या फाउंड्रीच्या नव्या यंत्रासाठी याच बँकेचे 10 हजार शेअर विकायचे होते. भाव वर जाईल की खाली, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण आत्ता मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकायची ऑर्डर, टाकली तर त्याची किंमत काय पडेल, हे डावीकडच्या तीन ओळींत लिहिलेलं होतं. 3,150 शेअर 820.00 ला जातील, 4,800 शेअर 819.95 ला, आणि उरलेले 2,050 शेअर 819.90 ला. सगळे 820.00 ला गेले असते त्यापेक्षा 445 रुपये कमी. 82 लाखांच्या सौद्यावर 445 रुपये. काकांना विचारलं, "एवढे सोडून आत्ता मोकळं व्हायचं, की 820.05 ला लावून वाट बघायची? वाट बघितली आणि भाव दहा पैसे खाली गेला तर हजार जातील." त्यांनी उजवीकडं भिंत आहे का म्हणून विचारलं. आहे, म्हटलं, पण तुम्हाला विकायचेत, आणि तुमचे 445 रुपये डावीकडच्या ओळींवर ठरतात.

डावीकडच्या त्या ओळीही पुढच्या सेकंदाला बदलू शकतात, हेही त्यांना सांगितलं. म्हणून तीन भाग केले, साडेतीन-साडेतीन हजारांचे दोन आणि तीन हजारांचा एक, प्रत्येक वेळी लिमिट चालू खरेदीच्या भावाहून फक्त पाच पैसे खाली, म्हणजे ऑर्डर टाकताना खरेदीदार पळाले तरी माल फार खालच्या भावाला जाऊ नये. पहिला भाग गेला, डावीकडचे आकडे पुन्हा भरेपर्यंत थोडं थांबले, मग दुसरा, मग तिसरा.